राजम्याचं विष उकळून जातं, बटाट्याचं जात नाही

स्वयंपाक नव्याने शिकणाऱ्याला बहुतेक जण एकच सल्ला देतात: काहीही शंका आली तर नीट शिजव, म्हणजे झालं. जंतूंच्या बाबतीत हा सल्ला बराचसा खरा आहे. पण काही विषं बाहेरून आलेली नसतात, झाडानेच स्वतःच्या रक्षणासाठी बनवलेली असतात. रोजच्या वापरातले दोन पदार्थ, राजमा आणि बटाटा, यांत अशी विषं आहेत आणि ती उष्णतेला अगदी उलट वागतात. राजम्याचं विष उकळत्या पाण्यात संपतं. कोंब फुटलेल्या, हिरवट बटाट्याचं विष मात्र तितक्याच उकळीने भरवशाने जात नाही. म्हणून राजम्याचं काम चुलीवर होतं, तर बटाट्याचं सुरीने, चूल पेटवण्याआधी.

राजमा: आधी भिजवणं

कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन असतं. लेक्टिन म्हणजे साखरेच्या रेणूंना चिकटणारं प्रथिन. आतड्याच्या आतल्या पेशींवर अशा साखरेच्या साखळ्या असतात, त्यांना ते जाऊन चिकटतं आणि आतड्याचं काम बिघडवतं. भिजवलेले पण न शिजवलेले चार-पाच दाणे खाल्ले तरी माणूस आजारी पडू शकतो. लाल राजम्यात हे लेक्टिन सगळ्यात जास्त असतं. पांढऱ्यात त्याच्या साधारण एक तृतीयांश असतं, पण तेही त्रास द्यायला पुरेसं आहे. त्यामुळे रंग कोणताही असो, कृती एकच ठेवा. मूग, मसूर, हरभरा ही वेगळी कडधान्यं आहेत, त्यांना खालचा नियम लागू नाही.

समजा पाव किलो लाल राजमा शिजवायचा आहे. दाणे निवडून, धुऊन मोठ्या भांड्यात घ्या आणि वर भरपूर पाणी घाला, किमान एक लिटर. दाणे पाणी पिऊन जवळजवळ दुप्पट वजनाचे होतात. पाणी कमी पडलं तर वरचे दाणे उघडे पडून अर्धवट भिजतात. किमान पाच तास भिजू द्या, रात्रभर ठेवले तर उत्तम. हवा गरम असेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर पाणी आंबतं.

भिजलं की नाही, हे एक दाणा मधोमध चिरून पाहा. आतला भाग सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. मधे पांढरट, कोरडा, खडूसारखा ठिपका दिसला तर अजून दोन-तीन तास द्या. हा ठिपका पाहायला सांगतो, कारण लेक्टिन मोडायला नुसती उष्णता पुरत नाही, ओलावाही लागतो. कोरड्या दाण्यात उष्णता सावकाश आत जाते आणि प्रथिन तिला बराच वेळ दाद देत नाही.

जपानमध्ये २००६ साली याचा मोठ्या प्रमाणावर अनुभव आला. एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात वजन कमी करण्याचा उपाय दाखवला होता: पांढरा राजमा तीनेक मिनिटं कोरडा भाजायचा, दळायचा आणि ती पूड भातावर घालून खायची. करून पाहणारे शेकडो लोक उलट्या-जुलाबांनी हैराण झाले, काहींना रुग्णालयात ठेवावं लागलं. पूड भाजलेली होती, वासही खमंग येत असणार. पण कोरड्या दाण्याच्या आत लेक्टिन शाबूत राहिलं होतं.

भिजवलेलं पाणी ओतून टाका. थोडं लेक्टिन त्या पाण्यात उतरलेलं असतं आणि पोटात गॅस करणाऱ्या साखराही त्यात असतात. दाणे पुन्हा एकदा धुऊन घ्या. त्या पाण्यात जीवनसत्त्वं जातात म्हणून ते रश्शाला वापरावं असं सांगणारे लोक भेटतात. इथे त्यांचं ऐकू नका.

राजमा: मग उकळी

आता ताजं पाणी घाला, दाण्यांच्या वर चार बोटं येईल इतकं, आणि मोठ्या आचेवर ठेवा. घड्याळ कधी लावायचं हा इथला कळीचा प्रश्न आहे. भांडं चुलीवर ठेवल्यापासून वेळ मोजू नका. कडेला बारीक बुडबुडे आले म्हणजेही उकळी नव्हे. सगळं पाणी खदखदा उसळायला लागलं, ढवळलं तरी उकळी मोडेना, की तिथून वेळ मोजा. प्रयोगांत नीट भिजलेल्या दाण्यांतलं लेक्टिन १०० अंशांवर दहा मिनिटांत नष्ट झालेलं दिसतं. तरी अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचा, म्हणजे एफडीएचा सल्ला तीस मिनिटांचा आहे, आणि मला तो योग्य वाटतो. घरच्या भांड्यात प्रत्येक दाण्याच्या गाभ्यापर्यंत पूर्ण उष्णता पोहोचायला वेळ लागतो आणि वीस मिनिटं जास्त उकळल्याने राजम्याचं काहीच बिघडत नाही. अर्ध्या तासानंतर आच कमी करा आणि दाणा बोटांत दाबला की सहज चेपेल इतका मऊ होईपर्यंत शिजू द्या. जुन्या राजम्याला यात तास-दीड तासही जाईल.

लेक्टिन प्रथिन असल्यामुळे हे साधतं. अंड्याचा पांढरा भाग तापला की पारदर्शकाचा घट्ट पांढरा होतो आणि पुन्हा पातळ होत नाही. लेक्टिनचंही तसंच होतं: त्याची घडी मोडते आणि मग त्याला साखरेला चिकटता येत नाही. गार झाल्यावर ती घडी परत बसत नाही, म्हणून एकदा नीट उकळलेला राजमा फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खाल्ला तरी या विषाची भीती नाही.

घडी मोडण्यासाठी मात्र तापमान पुरेसं वर जावं लागतं. स्लो कुकरमध्ये नेमकी इथेच गडबड होते. मंद आचेच्या अशा भांड्यात आतलं तापमान कधी कधी ७५ ते ८० अंशांच्या वर जातच नाही. सहा-आठ तासांनी दाणा मऊ लागतो, रस दाट होतो, जेवण तयार दिसतं आणि लेक्टिन तसंच असतं. एफडीएच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे ८० अंशांपर्यंतच तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही पाचपट विषारी ठरू शकतो. म्हणून मऊपणा ही उकळीनंतरची कसोटी आहे. उकळी आलीच नसेल, तर दाणा किती मऊ आहे याला अर्थ नाही.

स्लो कुकरच वापरायचा असेल तर राजमा आधी चुलीवर अर्धा तास खळखळून उकळा, ते पाणी टाका आणि मगच त्यात घाला. आणि स्लो कुकरमध्ये थेट शिजवलेला राजमा समोर तयार असेल तर? तो फेकायची गरज नाही. सगळा चुलीवरच्या भांड्यात काढा, थोडं पाणी घालून पातळ करा, म्हणजे तळाला लागणार नाही, आणि पूर्ण उकळी आल्यापासून तीस मिनिटं उकळा. लेक्टिन तेव्हाही मोडेल. दाणे फुटतील, पण खाता येतील.

प्रेशर कुकरचं काम सोपं आहे. पूर्ण दाबाला आत साधारण १२० अंश तापमान असतं, त्यामुळे भिजवलेला राजमा मऊ शिजेपर्यंत लेक्टिन केव्हाच संपलेलं असतं. शिट्ट्यांची संख्या मी मुद्दाम सांगत नाही, कारण प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळ्या वेळाने होते. दाब आल्यावर आच कमी करून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, दाब आपोआप उतरू द्या आणि दाणा चेपून पाहा. उंच डोंगराळ भागात राहणाऱ्यांनी तर कुकरच वापरावा. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटर उंचीवर पाणी साधारण ९० अंशांनाच उकळतं. तिथे भांड्यात खळखळ दिसते, पण तापमान कमी असतं.

आणखी एक सवय लावून घ्या. शिजला का हे पाहायला राजमा तोंडात टाकायचा नाही, निदान पूर्ण उकळीचा अर्धा तास होईपर्यंत तरी नाही. बोटाने चेपा. मोड आणलेला राजमाही कच्चा खायचा नाही. मोड आल्याने लेक्टिन भरवशाने जात नाही. न शिजवलेल्या राजम्याचं पीठ भाजणीसारखं वरवर भाजून वापरणं हा जपानच्या त्या पुडीचाच प्रकार झाला. डबाबंद राजमा मात्र डब्यातच उच्च तापमानाला शिजवलेला असतो. तो धुऊन थेट वापरता येतो.

बटाटा: पाहणं आणि निवडणं

बटाट्यात सोलॅनिन आणि चॅकोनिन ही दोन विषं मुख्य. दोघांना मिळून ग्लायकोअल्कलॉइड म्हणतात. ही प्रथिनं नाहीत. हे लहान, टणक रेणू आहेत आणि त्यांना मोडायला दोनशे अंशांच्या बरंच वर तापमान लागतं. पाण्यात उकळताना बटाटा १०० अंशांच्या पुढे जात नाही. तळताना तेल १८० अंशांवर असलं तरी आतल्या गरात पाणी आहे तोवर गर शंभराच्या आसपासच राहतो. ही विषं साध्या पाण्यात फारशी विरघळतही नाहीत. तळल्याने किंवा उकळल्याने थोडी घट होते, कधी बरीचही होते, पण किती होईल याचा नेम नाही. भरवसा ठेवावा असं त्यात काही नाही.

चांगल्या बटाट्यातही हे विष थोडं असतंच. एका किलोमागे साधारण २० ते १०० मिलिग्रॅम, त्यातलं बहुतेक सालीत आणि सालीलगतच्या पातळ थरात. बरीच वर्षं २०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानली गेली आहे. उजेड लागला, मार लागला, चीर गेली किंवा कोंब फुटायला लागले की बटाटा हे विष वाढवतो. कोंबांत तर ते किलोमागे काही हजार मिलिग्रॅमपर्यंत जातं.

हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी आहे. तो पानांत असतो तोच, हरितद्रव्याचा. उजेडाने हरितद्रव्य वाढतं आणि त्याच उजेडाने विषही वाढतं, एवढाच दोघांचा संबंध. त्यामुळे हिरवेपणा हा इशारा आहे, मोजमाप नाही. अंधारात ठेवलेल्या, ठेचकाळलेल्या बटाट्यात हिरवा ठिपका नसतानाही विष वाढलेलं असू शकतं.

म्हणून बटाटे धुऊन दिवसाच्या उजेडात पाहा. पिवळ्या दिव्याखाली फिकट हिरवा रंग ओळखू येत नाही. लाल सालीच्या बटाट्यावर तो दिसतच नाही. तिथे नखाने थोडी साल खरवडून खालचा गर पाहायचा. हाताने दाबूनही पाहा. मग तीन ढीग करा. टणक, हिरवा नसलेला, डोळ्यांतून नुकतेच अगदी लहान कोंब डोकावत असलेला बटाटा वापरता येतो. टणक पण एखाद्या बाजूला हिरवा डाग असलेला बटाटा कापून वापरता येतो. मऊ पडलेला, सुरकुतलेला, लांब कोंबांचा किंवा अर्ध्याहून जास्त हिरवा झालेला बटाटा सरळ टाकून द्यायचा. या तिसऱ्या ढिगाशी घासाघीस करू नका. त्यातला बरा भाग शोधत बसण्याइतका बटाटा महाग नसतो.

बटाटा: कापणं

हे सगळं शिजवण्याआधी करायचं, याला दोन कारणं आहेत. उकडलेल्या बटाट्याची साल कागदासारखी पातळ निघते आणि विषाचा थर गराला चिकटून मागे राहतो. शिवाय तापल्यावर हरितद्रव्याचा रंग फिका, मातकट होतो. म्हणजे उकडल्याने इशारा पुसला जातो आणि विष राहतं. हिरवा बटाटा उकडून मग सोलणाऱ्याला आपण कुठे कापायला हवं होतं हे कळायलाही मार्ग उरत नाही.

कोंब नुसता मोडू नका, त्याचा डोळाही काढा. सुरीचं टोक तिरकं खुपसून डोळ्याभोवती फिरवा, म्हणजे शंकूसारखा तुकडा बाहेर येईल. हिरव्या डागाच्या जागी साल काढून थांबू नका. सोलणीच्या एका फेरीत मिलिमीटरभरच थर निघतो. तिथे तीन ते चार मिलिमीटर खोल जा, म्हणजे सोलणीच्या तीन-चार फेऱ्या किंवा सुरीचा एक जाड काप. डागाच्या कडेलाही बोटभर जास्त घ्या. कापलेल्या गराला जराही हिरवी झाक असेल तर अजून खाली जा. तीन वेळा कापूनही हिरवं दिसत असेल तर तो बटाटा तिसऱ्या ढिगातला होता.

या सालींचे कुरकुरीत काप तळायचा मोह टाळा. तळताना पाणी उडून जातं, विष राहतं, आणि तेवढ्याच वजनात त्याचं प्रमाण वाढतं.

आता आकडे मांडून पाहू. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२० मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम ही त्रास सुरू होऊ शकेल अशी सर्वांत कमी मात्रा धरली. साठ किलोच्या माणसाने किलोमागे ८० मिलिग्रॅम विष असलेले पाव किलो चांगले बटाटे खाल्ले तर पोटात २० मिलिग्रॅम गेलं, म्हणजे दर किलो वजनामागे मिलिग्रॅमचा एक तृतीयांश. काही होत नाही. आता बटाटे हिरवट आहेत, किलोमागे ३०० मिलिग्रॅमचे, आणि खाणारं वीस किलो वजनाचं मूल आहे. दोनशे ग्रॅम बटाट्यातून ६० मिलिग्रॅम गेलं, दर किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे त्या मात्रेच्या तिप्पट. ताट जवळपास तेवढंच असतं, पण बटाट्यात विष जास्त आणि खाणाऱ्याचं वजन कमी असतं. म्हणून मुलांसाठी दुसऱ्या ढिगातलेही बटाटे वापरू नयेत असं माझं मत आहे.

हे केवळ कागदावरचं गणित नाही. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालाप्रमाणे लंडनमधल्या एका शाळेत आधीच्या सत्रातले उरलेले बटाटे नव्या सत्राच्या सुरुवातीला जेवणात वापरले गेले. ७८ मुलगे आजारी पडले, १७ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. ते बटाटे शिजवलेले होते. त्रास सुरू व्हायला सात ते एकोणीस तास लागले.

शेवटची चाचणी जिभेची. शिजलेला बटाटा कडू लागला किंवा घशाशी जळजळ झाली तर तो घास थुंका आणि बाकीचं बाजूला ठेवा. तिखट-मसालेदार रश्श्यात कडूपणा लपतो, म्हणून बटाटा रश्श्यात घालण्याआधी एक तुकडा नुसता चाखावा. जीभ चुकू शकते, त्यामुळे कापण्याऐवजी ही चाचणी चालणार नाही. ती कापल्यानंतरची आहे.

बटाटे अंधारात, थंड आणि हवेशीर जागी, कापडी किंवा कागदी पिशवीत ठेवा. पारदर्शक प्लास्टिक आणि ओट्यावरची उघडी टोपली टाळा, कारण खोलीतल्या दिव्यानेही बटाटे हिरवे होतात. हिरवे झालेले बटाटे परत अंधारात ठेवून सुधारत नाहीत, आत तयार झालेलं विष तिथेच राहतं.

त्रास झालाच तर

वेळेवरून बराच अंदाज येतो. राजम्याचा त्रास सहसा एक ते तीन तासांत सुरू होतो: जोराची मळमळ, उलट्या, मागोमाग जुलाब आणि पोटदुखी. तो येतो जोरात, पण बहुतेकांना तीन-चार तासांत उतार पडतो. बटाट्याचा त्रास उशिरा, कधी दुसऱ्या दिवशीही येतो, जास्त रेंगाळतो आणि त्यात पोटाबरोबर डोकेदुखी, ताप, मात्रा जास्त असेल तर गुंगी आणि भ्रमही असू शकतो. दोन्हींवर उतारा असं औषध नाही. शरीरातलं पाणी आणि क्षार भरून काढणं हाच उपचार. थोडं थोडं मीठ-साखरेचं पाणी देत राहा. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, माणूस गुंगीत किंवा असंबद्ध बोलत असेल, किंवा आजारी पडलेलं लहान मूल असेल तर वाट न पाहता डॉक्टरकडे न्या. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि कसं शिजवलं होतं हे तिथे सांगा. उरलेलं अन्न डब्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवा, आणि डब्यावर चिठ्ठी लावा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी ते गरम करून खाणार नाही.